स्पर्धेचा अर्ज आणि नऊ पांढरे ठिपके

2021च्या दिवाळीआधी एका निसर्ग पर्यटन केंद्राला भिंतीवर लावायला वीस फोटो हवे होते. सगळे सह्याद्रीतल्या पावसाळ्याचे, बेडूक, साप, कीटक, बुरशी असे. माझ्याकडे सहा पावसाळ्यांचं काम होतं. मी फोटो घेऊन गेले, त्यांनी तासभर पाहिले, आवडलेही. मग चहा आला आणि चहाबरोबर प्रश्न आला, "ताई, तुमचं कुठे नाव झालंय का? म्हणजे एखादा पुरस्कार वगैरे? नाहीतर वरच्यांना काय सांगू मी?"

माझं नाव झालं होतं ते कोल्हापुरात, लग्नाच्या फोटोंसाठी. ते काम दुसऱ्या एका फोटोग्राफरला गेलं. त्याचे फोटो वाईट नव्हते, पण माझ्याहून चांगलेही नव्हते. फरक एवढाच होता की त्याच्या नावाखाली पुरस्काराची एक ओळ होती. निर्णय घेणाऱ्या माणसाला चांगला बेडूक आणि बरा बेडूक यातला फरक कळत नव्हता, पण ती ओळ त्याला वाचता येत होती. राग आला, पण त्याची अडचणही मला समजली. मोबाइलवर रोज हजार फोटो बघणाऱ्या माणसाने कशावरून ठरवायचं? दुसऱ्या कुणीतरी, शक्यतो अनोळखी आणि जाणकार माणसांनी, आधीच ठरवलेलं असेल तर त्याचं काम सोपं होतं.

म्हणून अर्ज करायचं ठरवलं. कुठे करायचा हे मात्र ठरत नव्हतं.

माझ्या मेलमध्ये तोवर 'अभिनंदन, आपली निवड झाली आहे' अशी तीन पत्रं पडलेली होती. मी अर्ज केलेला नसताना माझी निवड झालेली. त्यातल्या एकात ट्रॉफी, शाल आणि व्यासपीठावरचा सत्कार यासाठी 'सहभाग शुल्क' दहा हजार आणि वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 11,800 रुपये मागितले होते. परीक्षक कोण, याचा उल्लेख कुठेच नव्हता. दुसऱ्या एका स्पर्धेत मी आधीच फसलेले होते. 2018मध्ये पाचशे रुपये भरून चार फोटो पाठवले, प्रमाणपत्र आलं आणि वर्षभराने त्यातला माझा हरणटोळ एका कॅलेंडरवर दिसला. खाली माझं नाव नाही. फोन केल्यावर त्यांनी नियमावलीतलं कलम दाखवलं: पाठवलेला प्रत्येक फोटो, बक्षीस मिळो न मिळो, आयोजक कायमचा, कुठल्याही कामासाठी, मोबदला न देता वापरू शकतात. मी ते न वाचता 'मान्य आहे'वर टिचकी मारली होती. तेव्हापासून स्पर्धेचं पान उघडलं की मी बक्षिसाची रक्कम बघत नाही, आधी हक्कांचं कलम बघते. प्रदर्शनासाठी आणि स्पर्धेच्या प्रसिद्धीसाठी, तेही निवडलेल्या फोटोंपुरता, हक्क मागणं रास्त आहे. सगळ्यांच्या सगळ्या फोटोंवर हक्क मागणारी स्पर्धा म्हणजे फुकटात फोटो गोळा करायची सोय.

सावंतवाडीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलेले, आता निवृत्त झालेले आमचे एक सर आहेत. आंबोलीत रात्रीची बेडकं बघायला मी त्यांच्याच मागे फिरून शिकले. त्यांना विचारलं तर म्हणाले, "पाठवायचंच तर लंडनला पाठव. लागणार नाही कदाचित, पण अर्ज भरताना तुला तुझं काम दिसेल."

लंडनची म्हणजे नॅचरल हिस्ट्री म्युझियमची 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर'. ही स्पर्धा 1965पासून चालू आहे. पहिल्या वर्षी 361 फोटो आले होते, आता साठ हजारांच्या आसपास येतात आणि त्यातले शंभर निवडले जातात. आपल्याकडच्या माणसांनी तिथे नाव काढलेलं आहे. आरेतल्या वस्तीच्या बोळातून चाललेल्या बिबट्याच्या फोटोसाठी नयन खानोलकरांना 2016मध्ये शहरी वन्यजीवनाच्या गटातला पुरस्कार मिळाला. भंडारदऱ्याजवळच्या काजव्यांनी उजळलेल्या झाडाचा ऐश्वर्या श्रीधरचा फोटो 2020मध्ये निवडला गेला. दोन्ही फोटो मी कितीतरी वेळा उघडून पाहिलेत. दोन्ही जागा माझ्या घरापासून एका दिवसाच्या प्रवासात येतात, आणि याचा धीर वाटायचा.

पहिल्या वर्षी मी जे केलं ते बहुतेक सगळे पहिल्या वर्षी करत असतील. शुल्क तीस पौंड, म्हणजे तेव्हाचे तीन हजार रुपये. डेबिट कार्डावर परदेशी व्यवहार बंद होता, तो चालू करण्यात एक अख्खी दुपार गेली. एका शुल्कात पंचवीस फोटो पाठवता येतात. पैसे भरलेत तर पंचवीसच्या पंचवीस जागा भरायच्या, असा माझा हिशेब. ताडोब्यातली वाघीण, पाण्यावरचा खंड्या, धुक्यातला गवा, सगळं घातलं. पहिल्या फेरीसाठी फोटो लहान करून, लांब बाजू 1920 पिक्सेल अशी जेपेग फाइल द्यायची असते. चौकट, सही, वॉटरमार्क काही चालत नाही, कारण परीक्षकांना फोटो कुणाचा हे कळू द्यायचं नसतं. माझ्या निम्म्या फोटोंच्या कोपऱ्यात माझी इंग्रजीतली वळणदार सही होती. ती काढून फाइली पुन्हा तयार करताना रात्रीचे दोन वाजले. पुढे यथावकाश नकाराची मेल आली. पंचवीसपैकी एकही नाही.

दुसऱ्या वर्षी, नोव्हेंबर 2022मध्ये, सरांनी मला साठ फोटो पोस्टकार्डाच्या आकारात छापून आणायला लावले. स्टुडिओतच छापले, खर्च सहाशे रुपये. त्यांच्या घरी पडवीत चटईवर सगळे मांडले. ते एकेक फोटो उचलायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, "यात काय चाललंय?"

वाघीण उचलली. मी म्हटलं, "वाघीण बघतेय."

"कुणाकडे?"

"माझ्याकडे. जीपकडे."

फोटो उलटा ठेवला. खंड्या, गवा, मोर, सगळे उलटे झाले. मला वाईट वाटत होतं, पण त्यांचं म्हणणं खोडता येईना. वाघाचा फोटो पाठवला की त्याची तुलना जगभरातून आलेल्या वाघांच्या सगळ्या फोटोंशी होणार, आणि त्यात माझ्यापेक्षा मोठी लेन्स आणि माझ्यापेक्षा जास्त दिवस जंगलात राहिलेली माणसं असणार. पण आंबोलीतल्या एका पाणथळीवर रात्री तीन वाजता जे घडतं, ते बघायला तिथे किती जण थांबलेले असतात? तासाभरात साठाचे नऊ राहिले. नऊही पावसाळ्यातले, सगळे माझ्या गावाच्या आसपासचे.

त्यातला एक मीच बाजूला काढला. तो मलबार चापड्याचा होता, शेवाळलेल्या फांदीवर वेटोळं घालून बसलेला, मागे गडद हिरवं. माझा फेसबुकवरचा सगळ्यात गाजलेला फोटो. सर काही बोलले नव्हते, पण मला ती रात्र आठवत होती. साप मुळात एका वाळक्या झुडपात, प्लास्टिकच्या पिशवीशेजारी बसला होता. आम्हाला फिरवणाऱ्या दादाने काठीने तो अलगद उचलला आणि या फांदीवर ठेवला. "ताई, इथे मागचं क्लीन येईल," म्हणाला. आणि मी कॅमेरा लावला. हे सर्रास चालतं. साप उचलून चांगल्या फांदीवर ठेवतात, बेडूक डब्यात घालून पानावर आणून बसवतात, आणि सहलीला आलेले दहा जण आळीपाळीने तोच फोटो काढतात. स्पर्धेच्या नियमांत सरळ लिहिलंय की जनावराला त्रास होईल असं काही करायचं नाही, जिवंत आमिष लावायचं नाही आणि प्रसंग जसा घडला तसाच सांगायचा. फोटो कसा मिळाला हे लिहायच्या रकान्यासमोर मी दहा मिनिटं बसले. खरं लिहिलं तर फोटो बाद, आणि खोटं लिहिणं जमेना. तो फोटो मी नंतर माझ्या पानावरूनही काढून टाकला आणि त्या दादाला पुढच्या पावसाळ्यात आधीच सांगितलं की दादा, आपण कशाला हात लावायचा नाही, जिथे दिसेल तिथेच टिपायचं. त्याने मान डोलावली, पण त्याची पंचाईतही मला कळते. बाकीची गिऱ्हाइकं त्याला नेमकं उलटं सांगतात.

उरलेल्या आठांत माझी आशा एकाच फोटोवर होती. मलबारचा उडता बेडूक पाण्यावर झुकलेल्या पानांत फेसाचं घरटं करतो. मादी मागच्या पायांनी स्राव घुसळून फेस काढते, अंडी त्यात असतात. वरचा थर सुकून जरा घट्ट होतो आणि आतला ओलावा टिकतो. अंड्यांतून पिल्लं निघाली आणि पाऊस आला की फेस सैल होऊन विरघळायला लागतो आणि टॅडपोल, म्हणजे शेपटीवाली पिल्लं, एकेक करून खालच्या पाण्यात पडतात. खाली पाणी नसेल तर खेळ संपला, म्हणून मादीला जागा नेमकी निवडावी लागते. जुलैच्या सुरुवातीला असं एक ताजं घरटं रस्त्याकडेच्या पाणथळीवर, साधारण चार फुटांवर दिसलं. आठवडाभराने मी आणि माझा भाऊ परत गेलो. छत्री त्याच्या हातात, 105 एमएमची मॅक्रो लेन्स माझ्या हातात, दोन बाजूंना दोन फ्लॅश. तीन तासांत 340 फ्रेम घेतल्या. टॅडपोल हवेत आहे अशा फक्त दोन. त्यातल्या एकीत एक पिल्लू फेसाच्या धाग्याला शेपटीने अजून चिकटलेलं आहे आणि दुसरं खाली, पाण्यापासून बोटभर उंचीवर. फाइलचं नाव DSC_4417.NEF, ते मला पाठच झालंय.

गट निवडला 'वर्तन: उभयचर आणि सरपटणारे प्राणी'. माहिती इंग्रजीत लिहायची होती. माझ्या पहिल्या खर्ड्यात 'जादुई रात्र', 'निसर्गाचा चमत्कार' असे शब्द होते. सरांनी लाल पेनाने सगळे खोडले आणि विचारलं, "घरटं किती उंचीवर होतं? पाऊस चालू होता का थांबलेला? किती वाजता?" शेवटी राहिलं ते असं: कुठली जात, आंबोलीजवळ, पहाटेचे तीन, पाण्यापासून चार फुटांवर घरटं, पाऊस सुरू झाल्यावर अर्ध्या तासात पिल्लं पडायला लागली, तीन तास थांबलो, घरट्याला किंवा पानाला हात लावलेला नाही. बस. वाचताना मलाच तो फोटो पहिल्यापेक्षा मोठा वाटायला लागला.

यंदा आठच फोटो गेले. सतरा जागा रिकाम्या सोडल्या.

काही आठवड्यांनी मेल आली की फोटो पुढच्या फेरीसाठी निवडला आहे, त्याची मूळ रॉ फाइल पाठवा. मी स्टुडिओत होते, समोर एका साखरपुड्याचा अल्बम उघडा होता. गिऱ्हाइकाला पाच मिनिटं बसवून बाहेर जाऊन भावाला फोन केला आणि रडले.

रॉ फाइल का मागतात हे सांगायला हवं. कॅमेरा जे टिपतो ते जसंच्या तसं त्या फाइलमध्ये असतं. त्यावर आपण संगणकावर काहीही केलं तरी मूळ बदलत नाही. म्हणून परीक्षकांना अंतिम फोटो आणि रॉ शेजारी ठेवून बघता येतं की काय घातलं, काय काढलं. रॉनेही सगळं पकडलं जात नाही. ब्राझीलमधला मुंगीखाऊ आणि चमकणारं वारूळ असा एक फोटो 2017मध्ये याच स्पर्धेत जिंकला आणि पुढच्या वर्षी बाद झाला, कारण त्यातला मुंगीखाऊ पेंढा भरलेला असल्याचा निष्कर्ष निघाला. त्याआधी 2010मध्ये फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याचा विजेता फोटो बाद झाला, लांडगा माणसाळलेला असावा म्हणून. दोन्ही ठिकाणी संगणकावरची लबाडी नव्हती, जागेवरचीच होती. तेव्हापासून तिथे किती कसून बघतात हे सगळ्यांना ठाऊक आहे.

मी निर्धास्त होते. उजेड थोडा वाढवला होता, डावीकडून थोडं कापलं होतं, बस. ही दोन्ही कामं नियमांत बसतात. पाठवायच्या आधी सहज म्हणून रॉ आणि अंतिम फोटो शेजारी लावले आणि शंभर टक्क्यांवर मोठे केले.

रॉमध्ये फेसाच्या डाव्या अंगाला पांढरे गोल ठिपके होते. मोजले, नऊ. अंतिम फोटोत एकही नाही.

मग आठवलं. भुरभुर चालू असताना लेन्सच्या अगदी पुढून गेलेले थेंब फ्लॅशच्या उजेडात असे पांढरे, धूसर गोळे होऊन उमटतात. जुलैतच, फोटो काढल्याच्या दुसऱ्या दिवशी, मी हीलिंग ब्रशने ते पुसले होते. लग्नाच्या कामात हे मी दिवसातून शंभरदा करते. नवरीच्या कपाळावरची पुटकुळी, भिंतीवरचा खिळा, मागच्या काकांच्या हातातला मोबाइल, सगळं पुसते आणि त्याचेच पैसे घेते. हाताला वळण लागलेलं असतं. ठिपके पुसल्याचं मला आठवतही नव्हतं.

नियम पुन्हा काढून वाचले. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर बसलेली धूळ पुसायला परवानगी आहे, कारण ती धूळ प्रसंगात नव्हती, यंत्रात होती. पण समोर जे होतं त्यातलं काही काढायचं नाही. पाण्याखालचे फोटो काढणाऱ्यांसाठी तर वेगळं लिहिलंय की पाण्यातल्या कणांचे चमकलेले ठिपकेही पुसायचे नाहीत. माझे थेंब त्याच जातीचे. ते त्या रात्री, त्या हवेत, खरोखर होते. किंबहुना त्या थेंबांमुळेच फेस विरघळत होता.

भाऊ म्हणाला, "पाठवून दे, नऊ ठिपके कोण मोजतंय." मोजणारी माणसं तिकडे होती, हा एक भाग. दुसरा भाग असा की चापड्याचा फोटो मी स्वतःच बाजूला काढला होता आणि आता त्याच अर्जात हे करायचं? सरांना फोन केला. त्यांनी निर्णय सांगितला नाही. "तू माहितीत काय लिहिलं होतंस ते मला वाचून दाखव," एवढंच म्हणाले. मी वाचलं: पाऊस सुरू झाल्यावर अर्ध्या तासात. आणि माझ्या फोटोत पाऊस नव्हता. मीच तो पुसला होता.

दुसऱ्या दिवशी मेल लिहिली. पहिल्या फेरीला पाठवलेल्या फोटोत मी पावसाचे नऊ थेंब काढलेले आहेत, ते नियमात बसत नाही हे आत्ता लक्षात आलं, फोटो मागे घेते. सोबत रॉ फाइल जोडली, कुणाला बघायची असेल तर बघावी म्हणून. त्या मेलचं बटण दाबायला मला सकाळपासून संध्याकाळ झाली. घरात कुणाशी धड बोलले नाही. तीन हजार रुपयांचं काही वाटलं नाही, पण जवळपास पन्नास हजारांतून तिथवर पोचलेला एकुलता एक फोटो मी स्वतःच्या हाताने परत घेत होते.

पुढच्या पावसाळ्याआधी मी DSC_4417 पहिल्यापासून पुन्हा केला. ठिपके आहेत तसे ठेवले. पहिले दोन दिवस मला ते बोचत होते, नंतर मात्र पाऊस दिसायला लागला. आधीचा फोटो काचेच्या पेटीत काढल्यासारखा होता, हा रात्रीचा, ओला होता. हा मी देशातल्या एका स्पर्धेला पाठवला. त्याआधी तीन-चार ठिकाणचे नियम शेजारी लावून वाचले, कारण प्रत्येकाची अट वेगळी. कुठे फोटो दोन वर्षांपेक्षा जुना चालत नाही, कुठे दुसरीकडे बक्षीस मिळालेला चालत नाही. बंगळुरूच्या नेचर इनफोकसला तर घरट्यावरच्या पक्ष्यांचे फोटोच चालत नाहीत, कारण असे फोटो काढायच्या नादात लोक घरट्याभोवतीची पानं तोडतात आणि पिल्लं उघडी पडतात. ही अट मला फार आवडली. स्पर्धा एखाद्या प्रकारचा फोटो नाकारते तेव्हा पुढच्या मोसमात तितके कमी लोक घरट्यापाशी जातात.

निकाल आला. पहिला नाही, दुसरा नाही, 'विशेष उल्लेख'. प्रमाणपत्र आणि त्यांच्या संकेतस्थळावर फोटो, खाली माझं नाव.

त्यानंतर काय होतं हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. लक्ष वेधलं जातं ते दहा-बारा दिवस. त्या दिवसांत जे फोन येतात त्यांना लगेच देण्यासारखं तुमच्याकडे काही असावं लागतं. माझ्याकडे नव्हतं. तिसऱ्या दिवशी एका मासिकाच्या संपादकांचा फोन आला, बेडकांवर आठ फोटोंची मालिका आहे का? फोटो होते, पण माहिती लिहिलेली नव्हती, जातींची नावं सरांकडून तपासून घेतलेली नव्हती, दर ठरलेला नव्हता. मला जमवायला तीन आठवडे लागले, तोवर त्यांचा पावसाळी अंक छापायला गेला होता. पुढच्या वर्षीच्या अंकात आले ते फोटो, पण तो एक वर्षाचा उशीर माझा होता. दोन फोन फुकट फोटो मागणारे होते, 'तुमचं नाव टाकू' म्हणून. त्यातल्या एका शाळेला मी दिला, दुसऱ्या धंदेवाईक प्रकाशनाला दर कळवला. त्यांचा पुन्हा फोन आला नाही.

आणि गावातल्या बातमीत मथळा आला, 'कोल्हापूरच्या कन्येला आंतरराष्ट्रीय पुरस्कार'. आईने कात्रण कापून फ्रेम करायला दिलं. मी बातमीदाराला फोन करून सांगितलं की दादा, हा आंतरराष्ट्रीय नाही आणि पुरस्कारही नाही, विशेष उल्लेख आहे. तो म्हणाला, "अहो ताई, कोण बघतंय." हेच वाक्य भावानेही म्हटलं होतं. मी दुरुस्ती छापायचा आग्रह धरला आणि आईला दुसऱ्या दिवशीची, तीन ओळींची दुरुस्तीही फ्रेममध्ये लावायला लावली. आई दोन दिवस रुसली होती. पण माझ्या कामाच्या माणसांना 'विजेती' आणि 'विशेष उल्लेख' यातला फरक नेमका कळतो. उद्या एखाद्या संपादकाने निकालाचं पान उघडून बघितलं आणि तिथे वेगळंच निघालं, तर बाकीच्या सहा पावसाळ्यांवरही त्यांचा विश्वास राहणार नाही. म्हणून माझ्या नावाखाली मी आता नेमकं लिहिते: कुठली स्पर्धा, कुठलं वर्ष, कुठला गट, विशेष उल्लेख. लंडनचं नाव कुठेच लिहीत नाही. जो फोटो मी मागे घेतला, त्याच्या पुढच्या फेरीचं श्रेय घ्यायचा मला हक्क नाही.

त्या पर्यटन केंद्राचा फोन 2025च्या मार्चमध्ये पुन्हा आला. माणूस तोच. भिंतीवरचे काही फोटो ओलीने खराब झाले होते, सहा नवे हवे होते. या वेळी त्याने पुरस्काराचं विचारलं नाही, मासिकातली मालिका बघितली होती म्हणाला. मी दर सांगितला आणि एक अट घातली: प्रत्येक फोटोखाली तो कुठे आणि कसा मिळाला याच्या दोन ओळी मराठीत लागल्या पाहिजेत, आणि टॅडपोलांचा फोटो छापणाऱ्याने 'साफ' करायचा नाही. छापखान्यातून तरी फोन आलाच, "मॅडम, डाव्या बाजूला पांढरे डाग आहेत, काढून टाकू का?"

"मोजा," मी म्हटलं. "नऊ असले पाहिजेत."

आता पावसाळा तीन आठवड्यांवर आलाय. रॉ फाइली दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवते, एक माझ्याकडे, एक सरांच्या कपाटात. प्रत्येक रात्रीनंतर वहीत वेळ, उंची, पाऊस आणि कशाला हात लावला का, हे लिहून ठेवते. डिसेंबरात अर्ज भरताना तेच उपयोगी पडतं. लंडनला यंदा पुन्हा पाठवणार आहे, चार किंवा पाच फोटो. त्या पाणथळीवर गेल्या वर्षी रस्ता रुंद करताना भराव पडलाय. झुकलेली फांदी अजून आहे, पण तिच्याखाली आता खडी आहे. मादी तिथे येते का, आली तर काय करते, हे बघायला जायचंय.